‘तपासलं नाही’ हेही लिहा

(नरपड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मज्जासंस्थेच्या तपासणीची नोंद कशी लिहावी, हा विषय ऐकल्यावर हे डॉक्टरांचं आपसातलं बोलणं आहे असं काही जणांना वाटलं असेल. पण आपल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात त्याचा संबंध प्रत्येक घराशी येतो. इथला गंभीर रुग्ण एका जागी थांबत नाही. पाड्यावरून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तिथून डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, आणि व्हेंटिलेटरची गरज पडली की पुढे वापी, वलसाड, सिल्वासा किंवा मुंबई. प्रत्येक मुक्कामावर डॉक्टर बदलतो, पुष्कळदा भाषाही बदलते. वारली बोलणाऱ्या बाईची हकीकत आधी मराठीत, मग गुजरातीत आणि शेवटी इंग्रजीत सांगितली जाते. या सगळ्या प्रवासात तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहते ती एक चिठ्ठी. आज मी त्या चिठ्ठीबद्दलच बोलणार आहे.

एक नमुना वाचतो. ही कोणा एका रुग्णाची नोंद नाही. पावसाळ्यात या भागात जे रुग्ण दिसतात त्यांच्यावरून मी ती शिकवण्यासाठी बेतली आहे.

‘स्त्री, वय अंदाजे ३०. पहाटे ३ पासून पोटात दुखते, २ उलट्या. हातपाय ढिले. तोंडातून लाळ. डोळे उघडत नाही. हाक मारली तर उत्तर नाही, बेशुद्ध. बाहुल्या मोठ्या. गुडघ्याचे रिफ्लेक्स आहेत. सुई टोचल्यावर पायाची बोटे हलवली. मान टाकते. चालता येत नाही. वाडीत फवारणी चालू आहे. विषबाधा? झटका?’

या चिठ्ठीत खोटं काही नाही. लिहिणाऱ्याने घाईत असूनही बरंच पाहिलेलं आहे. पण ज्या क्रमाने नजर गेली त्या क्रमाने ते कागदावर उतरलं. पुढचा डॉक्टर ती वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात ‘बेशुद्ध’ आणि ‘विषबाधा’ हे दोनच शब्द राहतात, आणि तो त्या दोन शब्दांवर उपचार सुरू करतो.

मज्जासंस्थेची तपासणी लिहिण्याचा रूढ क्रम असा: आधी मानसिक स्थिती, मग क्रेनियल नर्व्ह्ज म्हणजे थेट मेंदूतून डोळे, चेहरा, घसा यांच्याकडे जाणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, मग स्नायूंची ताकद, मग संवेदना, मग रिफ्लेक्स, आणि शेवटी समन्वय, म्हणजे हालचालींचा ताळमेळ आणि चाल. काही पुस्तकं रिफ्लेक्स ताकदीलाच जोडून लिहितात. तेही चालतं. मला ते संवेदनेनंतर लिहिणं बरं वाटतं, कारण गुडघ्यावर हातोडी मारली की निरोप आधी संवेदनेच्या नसेने वर जातो आणि मग हालचालीच्या नसेने खाली येतो. दोन्ही वाटांची हालत आधी लिहिलेली असली की रिफ्लेक्सचा अर्थ लावणं सोपं जातं.

आता ही चिठ्ठी त्या क्रमात बसवू. बसवताना दोन पथ्यं पाळायची. पहिलं, मूळ नोंदीत नाही ते आपल्या मनाने घालायचं नाही. दुसरं, दिसलेलं आणि अनुमान केलेलं वेगळं करायचं. ‘डोळे उघडत नाही’ हे दिसलेलं आहे. ‘बेशुद्ध’ हे अनुमान आहे. ‘विषबाधा?’ आणि ‘झटका?’ हीसुद्धा अनुमानं आहेत. त्यांना जागा आहे, पण ती तपासणीच्या खाली, निष्कर्षात.

आणि इथेच लिहिणाऱ्याचा हात अडतो. ‘डोळे उघडत नाही’ हे कुठल्या ओळीत लिहायचं? जाग नसल्यामुळे डोळे मिटलेले असतील तर ते पहिल्या ओळीत, मानसिक स्थितीत जाईल. जाग आहे पण पापणी उचलणारा स्नायू लुळा पडलाय, असं असेल तर ते दुसऱ्या ओळीत जाईल. ‘उत्तर नाही’ याचंही तसंच. बाईला समजत नसेल तर पहिली ओळ, समजतंय पण जीभ आणि टाळू हलत नसतील तर दुसरी. ‘तोंडातून लाळ’ म्हणजे विषामुळे लाळ जास्त सुटतेय, की नेहमीचीच लाळ गिळता येत नाही म्हणून साचतेय? पहिलं असेल तर ते या सहा ओळींच्या बाहेरचं, ग्रंथींचं लक्षण. दुसरं असेल तर घशाच्या नसांचं. ‘चालता येत नाही’ हे ताकद नसल्याने होतं, संवेदना गेल्याने होतं आणि तोल गेल्यानेही होतं, म्हणजे ते तीन ओळींपैकी कुठेही बसू शकतं.

विस्कळीत चिठ्ठीत ही चारही वाक्यं सुखाने नांदत होती, कारण त्यांना कोणी घर विचारलं नव्हतं. क्रमात लिहायला बसलं की प्रत्येक वाक्यासाठी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय कागद बघून घेता येत नाही. खाटेजवळ परत जावं लागतं. नोंद नव्याने लिहिण्याचा खरा उपयोग हाच आहे असं माझं ठाम मत आहे. नीटनेटकेपणा हा त्यातला दुय्यम भाग.

तर खाटेजवळ परत जाऊ.

पहिली ओळ. आपल्या बोटांनी दोन्ही पापण्या हलकेच वर उचलायच्या, चेहरा तिच्या समोर आणायचा आणि शांतपणे, तिच्या बोलीत सांगायचं. वारली येत नसेल तर आशाताईंना किंवा घरच्या माणसाला बोलायला लावायचं. ‘ताई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.’ अंगठा हलतो. एकदा हलणं हा योगायोग असू शकतो, म्हणून पुढे सांगायचं, ‘हो असेल तर एकदा हलव, नाही असेल तर दोनदा. बाहेर तुझा भाऊ आहे का?’ एकदा. ‘आता दुपार आहे का?’ दोनदा. झालं. बाई पूर्ण शुद्धीवर आहे. ती मघापासून खाटेभोवतीचं सगळं बोलणं ऐकते आहे, आपल्याबद्दल आशा सोडल्याचं बोलणंसुद्धा.

अंगठाच का, असं कोणी विचारेल. अशा अशक्तपणात मान, खांदे, मांड्या आधी थकतात; हातापायाची बोटं बरीच उशिरापर्यंत साथ देतात. डोळ्यांच्या हालचालीवरून हो-नाही विचारता येत नाही, कारण डोळे फिरवणारे स्नायूच लुळे असतात.

इथे ग्लासगो कोमा स्केलबद्दल बोललं पाहिजे. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही पद्धत आता आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरली जाते. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. या बाईला डोळ्यांचा १, बोलण्याचा १ आणि सांगितलेलं ऐकून अंगठा हलवते म्हणून हालचालीचे ६, असे ८ मिळतात. चिठ्ठीवर नुसतं ‘८’ लिहिलं तर पुढचा डॉक्टर मेंदूला मोठी इजा झाली असं धरून चालेल. म्हणून बेरीज कधीच एकटी लिहू नये. तीन आकडे सुटे लिहावेत आणि पुढे ‘पापण्या लुळ्या, आवाज फुटत नाही, सूचना पाळते’ एवढं जोडावं.

पहिली ओळ पक्की झाल्याशिवाय पुढच्या ओळींवर भरवसा ठेवता येत नाही. सुई टोचली ते कळलं का, हे सांगणारा माणूस शुद्धीवर आहे की नाही हेच माहीत नसेल, तर त्याच्या संवेदनेच्या नोंदीला किंमत किती? क्रमाच्या सुरुवातीला मानसिक स्थिती येते ती यासाठी. आणि ती तपासताना माणसाच्या जगण्यातले प्रश्न विचारावेत. शंभरातून सात वजा करत जा, हा पुस्तकातला प्रश्न शाळा न पाहिलेल्या बाईला विचारून ‘बुद्धी मंद’ असं लिहिणं अन्याय आहे. आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो, वीस रुपये दिले आणि बारांची वस्तू घेतली तर परत किती, हे विचारलं की लक्ष आणि आकलन दोन्ही कळतात.

दुसरी ओळ. दोन्ही पापण्या सारख्याच खाली आलेल्या. डोळे उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, कुठेच वळत नाहीत. बाहुल्या मोठ्या, टॉर्चच्या उजेडाने फारशा लहान होत नाहीत. गाल फुगवता येत नाहीत. घशात लाळ साचलेली, घोट गिळता येत नाही, आवाज फुटत नाही. वासाची नस तपासली नाही.

डोळ्यांच्या नोंदीपाशी जरा थांबतो, कारण तिथे सर्वांत जास्त हातचं राखून लिहिलं जातं. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘डोळ्यांच्या हालचाली पूर्ण’ एवढंच असतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, अडखळत बोलणारे असे काही रुग्ण यायचे, ज्यांच्या घरात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. वाडियांच्या लक्षात आलं की या रुग्णांची नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी झेपावत नाही, संथपणे सरकत जाते. १९७१ साली त्यांनी आर. के. स्वामी यांच्याबरोबर अशा ९ कुटुंबांचं वर्णन ‘ब्रेन’ या नियतकालिकात केलं, आणि आनुवंशिक तोलविकारांचा एक वेगळा प्रकार जगापुढे आला. त्याचं जनुक सापडायला १९९६ उजाडलं. डोळे किती फिरतात आणि किती वेगाने फिरतात, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वाडियांनी दुसरीही केली. त्यासाठी लागली ती समोर धरलेली दोन बोटं आणि एकीकडून दुसरीकडे बघायला सांगणं.

तिसरी ओळ. ‘हातपाय ढिले’ हे वाक्य काढून टाकून स्नायूंच्या ताकदीचे आकडे लिहायचे. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ३ म्हणजे वजनाविरुद्ध उचलता येतं पण आपण जोर लावला की पडतं, ५ म्हणजे पूर्ण ताकद. या बाईला ‘उशीवरून डोकं उचल’ म्हटलं तर उचलता येत नाही: मान २. खांदे ३, मांड्या ३, हाताची पकड ४, पायाची बोटं ४. डावं-उजवं सारखं. मानेची तपासणी नेहमी राहून जाते. खरं तर अशा रुग्णांत ती हातापायांआधी सूचना देते, आणि ‘मान टाकते’ असं मूळ चिठ्ठीत लिहिणाऱ्याने फार मोलाचं पाहिलेलं होतं. ते फक्त लाळ आणि फवारणीच्या गर्दीत हरवलं.

याच ओळीत श्वास लिहायचा, कारण छातीचा पडदा हाही एक स्नायू आहे. बोलता येणाऱ्या रुग्णाला एका श्वासात १ पासून मोजायला सांगावं आणि तो किती आकड्यापर्यंत पोचला ते घड्याळाच्या वेळेसह लिहावं. ६ वाजून १० मिनिटांनी २५ पर्यंत आणि ६.४० ला १२ पर्यंत, एवढ्या दोन नोंदी गाडी कधी निघाली पाहिजे ते सांगतात. या बाईचा आवाज गेलेला आहे, त्यामुळे श्वास मोजायचे आणि श्वास घेताना पोट वर येतं की आत ओढलं जातं, ते पाहायचं. आत ओढलं जात असेल तर पडदा थकला. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन अजून चांगला दिसत असला तरी त्यावर विसंबू नये. तो पडायला लागतो तेव्हा फार थोडा वेळ हातात उरलेला असतो.

चौथी ओळ लवकर संपते. हात, पाय, पोट, चेहरा, सगळीकडे टोचलेलं कळतं. अंगठ्याने ती बरोबर उत्तरं देते. पाचवी ओळ: गुडघा, घोटा, कोपर, सगळे रिफ्लेक्स आहेत, थोडे मंद, तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा खाली वळतो. सहावी ओळ: समन्वय तपासता आला नाही, कारण खांदे आणि मांड्यांची ताकद ३. चाल तपासली नाही, कारण उभं करणं धोक्याचं. बोट नाकाला लावता न येणं हे ताकद इतकी कमी असताना लहान मेंदूचं लक्षण मानता येत नाही, म्हणून समन्वय शेवटी लिहितात. तिथे कारणासह ‘तपासलं नाही’ असं लिहिणं ही पूर्ण नोंद आहे. रिकामी जागा किंवा ‘नॉर्मल’ ही मात्र फसवणूक ठरते, लिहिणाऱ्याच्या मनात फसवणूक नसली तरी. ‘सीएनएस नॉर्मल’ असा एका ओळीचा शेरा मारून पुढे गेलेल्या नोंदी मी खूप पाहिल्या आहेत. त्यातून हे कळतच नाही की सहाही गोष्टी पाहिल्या आणि ठीक होत्या, की एकही पाहिली नाही.

आता सहा ओळी एकाखाली एक वाचा. मन शाबूत. संवेदना शाबूत. रिफ्लेक्स आहेत. गेली आहे ती फक्त ताकद, दोन्ही बाजूंची सारखी, पापण्यांपासून सुरू होऊन खाली उतरत जाणारी. झटका म्हणजे पक्षाघात बहुधा एका बाजूला येतो, आणि मेंदूच्या देठात येऊन दोन्ही बाजू गेल्या तर पायाचा अंगठा सहसा वर वळतो. गिया-बारे आजारात रिफ्लेक्स लवकर जातात आणि अशक्तपणा सहसा पायांकडून वर चढतो. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग घामाने भिजतं, नाडी बहुधा मंदावते, स्नायू कातडीखाली फडफडतात. हिच्या बाहुल्या मोठ्या आहेत, अंग कोरडं आहे. चिकूच्या वाडीत फवारणी चालू होती हे खरं, पण या बाईचं दुखणं त्या फवारणीचं नाही. उरते ती नस आणि स्नायू जिथे भेटतात ती जागा. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवर झोपलेली बाई, पहाटे पोटात दुखून उलट्या, अंगावर ना सूज ना ठळक दंश: मण्यार.

मण्यार चावल्याचं पुष्कळांना कळतही नाही. दात बारीक असतात, दुखत नाही, म्हणून ‘साप चावला’ ही हकीकतच चिठ्ठीत नसते. अशा वेळी तपासणीचा क्रमच साप दाखवून देतो. कोकणातल्या मण्यार आणि नागदंशाबद्दल महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि डहाणू तालुक्यातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने वैद्यकीय अधिकारी आणि आशाताईंना सर्पदंशाचं प्रशिक्षण दिलं आहे. प्रतिविष जवळ मिळतं. ते वेळेत सुरू व्हायला निदान वेळेत सुचावं लागतं.

प्रतिविषाच्या साधारण १० कुप्या सुरुवातीला देतात. रक्तात फिरणारं विष त्याने निष्प्रभ होतं, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. मण्यारीचं विष नसेच्या टोकाचीच मोडतोड करतं, आणि ते टोक पुन्हा उभं राहायला दिवस लागतात. नागाचं विष स्नायूच्या बाजूची जागा अडवतं, म्हणून निओस्टिग्मीनचं इंजेक्शन दिलं की नागदंशात पापण्या काही वेळात वर येऊ शकतात. मण्यारीत बहुधा येत नाहीत. देण्याआधी आणि दिल्यानंतर पापण्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलं असेल तरच फरक पडला की नाही ते ठरवता येतं. बाकी काम व्हेंटिलेटरचं आणि वाट पाहण्याचं. अशा रुग्णाचे हातपाय पूर्ण लुळे पडतात, बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, आणि नवखा माणूस मेंदू मेला असं समजतो. म्हणून पहिल्या तासातली ‘शुद्धीवर, अंगठ्याने उत्तरं देते’ ही ओळ चिठ्ठीत असलीच पाहिजे. अंगठाही थांबल्यावर तिच्या बाजूने बोलणारं दुसरं काही उरत नाही.

हा क्रम लिहिण्याचा आहे, तपासण्याचा नव्हे, हे विसरू नका. घुसमटणाऱ्या माणसापुढे हातोडी घेऊन उभं राहायचं नसतं. आधी घसा साफ करून कुशीवर वळवायचं, श्वास सांभाळायचा. लहान मूल आईच्या मांडीवर असताना जे दिसेल ते आधी पाहायचं. चालत आलेल्या रुग्णाची चाल तो दारातून आत येतानाच पाहून घ्यायची आणि लिहायची मात्र सहाव्या ओळीत. आणि सहा ओळी एकदा लिहून काम संपत नाही. मण्यारीच्या रुग्णात दर अर्ध्या तासाने पापण्या, मान आणि श्वास एवढ्या तीन नोंदी वेळेसह त्याच कागदावर वाढत गेल्या पाहिजेत. आधीची नोंद खोडायची नाही, तिच्याशेजारी नवी लिहायची.

रुग्ण पुढे पाठवताना फोनवर अर्ध्या मिनिटात सांगायचं असतं. या बाईबद्दल मी असं सांगेन: ‘तीस वर्षांची बाई, मण्यारीचा संशय. पूर्ण शुद्धीवर, अंगठ्याने उत्तरं देते. पापण्या, डोळे, घसा लुळे, बाहुल्या मोठ्या. मान २, खांदे ३, पकड ४, दोन्हीकडे सारखं. संवेदना ठीक, रिफ्लेक्स मंद पण आहेत. समन्वय तपासला नाही. प्रतिविषाच्या १० कुप्या ६ वाजून ५० मिनिटांनी सुरू केल्या. श्वास थकतोय, निघण्याआधी नळी टाकतोय. व्हेंटिलेटर तयार ठेवा, आणि तिला सगळं ऐकू येतं हे तिथल्या सिस्टरना सांगा.’